बोट ठेव!

मला 10 पैकी 4 गुण मिळाले. तपासणारी माझी भाची, वय वर्षं अकरा. सराव म्हणून तिने आधी सोडवलेला उताराच मला दिला होता, "मामा, सोप्पा आहे" म्हणून.

उतारा वटवाघळावर. मी खूश. वटवाघळांबद्दल मी एकेकाळी इतकं वाचलंय की ऐकणारे उठून जातात. पहिलंच विधान: "वटवाघूळ आंधळे असते." पर्याय तीन: बरोबर, चूक, उताऱ्यात माहिती नाही. मी ठसक्यात 'चूक' लिहिलं. वटवाघळांना दिसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिने लाल पेनाने फुली मारली.

"अगं, दिसतं त्यांना!"

"असेल. बोट ठेव."

"कशावर?"

"असं जिथे लिहिलंय, त्या वाक्यावर."

बोट उताऱ्यावर दोनदा फिरवलं. एकच वाक्य जवळ आलं: "वटवाघूळ आंधळे असते असे अनेक लोक मानतात."

"हे काय!" मी.

"हे लोकांबद्दल आहे. लोक मानतात ते खरं की खोटं, हे उतारा सांगतच नाही. उतारा उलटं म्हणाला तर चूक, गप्प बसला तर माहिती नाही."

"आणि उताराच चुकीचा असेल तर?"

"तरी उत्तर उताऱ्यातलंच."

हे मला अजून पटलेलं नाही. इतकी वर्षं वाचून डोक्यात साठवलं ते काय दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायचं? आमच्या आत्याला बसवा या परीक्षेला. शेजारच्या घरी दोन दिवस दिवा दिसला नाही, एवढ्या उताऱ्यावर ती त्यांच्या भांडणाची तारीखही सांगते. 'माहिती नाही' हा पर्याय तिने जन्मात निवडलेला नाही. आणि तिला कुणी फुली मारत नाही!

असो. मी शहाणा झालो. पुढचं विधान: "हे वटवाघूळ भर दुपारी बाहेर किडे पकडते." दुपारचा उताऱ्यात उल्लेखच नव्हता. मी विजयी मुद्रेने 'माहिती नाही' लिहिलं.

पुन्हा फुली.

"दुपार कुठाय यात? आता तू ठेव बोट!"

तिने ठेवलं. "वटवाघूळ फक्त सूर्यास्तानंतर बाहेर पडते."

"फक्त," ती म्हणाली. "मग दुपारी बाहेर कसं असेल? चूक. शब्द तोच असायला पाहिजे असं नाही, पण वाक्यातून निघायला पाहिजे. त्या 'फक्त'च्या जागी 'बहुतेक वेळा' असतं ना, तर तुझं बरोबर होतं."

म्हणजे स्वतःचं घातलं तरी चूक आणि काहीच घातलं नाही तरी चूक. एका 'फक्त'ने माझा एक गुण खाल्ला. तो शब्द मी वाचला होता, फक्त त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"मामा, रागावलास?"

"छे! मी असं कुठे म्हटलंय?"

तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्या कपाळावरच्या आठीवर बोट ठेवलं.