‘फक्त नावं बदलून दिली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू: “ब्लाऊजच्या कोर्सचे व्हिडिओ यूट्यूब सर्चमध्ये एकत्र यावे म्हणून पैसे दिले. यांनी फक्त नावं बदलून दिली. अजूनही शोधलं की भाग 9 च वर येतो, बाकीचे कुठंच नाही. हे तर घरी बसून मीच केलं असतं.”

नमस्कार ताई. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल सॉरी. फोनवर बोललो असतो तर बरं झालं असतं, पण तुम्ही इथं सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून इथंच सांगतो. नागपूरच्या महाल भागातलं आमचं ऑफिस लहान आहे, नवीन गिऱ्हाईक हे रिव्ह्यू वाचूनच जिना चढतं, त्यामुळे ‘फक्त नावं बदलली’ हे फार लागलं.

तुम्ही आल्या तेव्हाची नावं आठवा. एकाचं ‘कटोरी ब्लाऊज एकदम सोपी पद्धत!!’, दुसऱ्याचं ‘ब्लाऊज पार्ट २’, तिसऱ्याचं ‘Part-3 blouse’, चौथ्याचं ‘शिवणकाम क्लास दिवस चार’. शिकवणं तुमचं एकच, पण हे सगळे एकाच कोर्सचे आहेत असं सांगणारा एक शब्दही चारही नावांत सारखा नव्हता, आकडासुद्धा कुठं मराठी, कुठं इंग्रजी, कुठं अक्षरात. यूट्यूब नुसतं कापड बघून कोर्स ओळखेल यावर बसता येत नाही ना ताई, सर्चमध्ये नाव, वर्णन आणि लोक काय शोधून काय बघतात याला मोठं वजन असते. म्हणून आम्ही आधी ‘ब्लाऊज शिवण कोर्स मराठी’ हे चार शब्द ठरवले आणि प्रत्येक व्हिडिओत अक्षर न अक्षर तेच ठेवले. कुठं ‘शिवण’ कुठं ‘शिलाई’ असं होऊ दिलं नाही. आकडा सगळीकडे इंग्रजी, म्हणजे 9 असाच, कारण मोबाईलवर बायका तोच टाईप करतात. 09 का नाही असं तुम्ही विचारलं होतं. कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये 1 नंतर 10 येऊन बसतो म्हणून तिथं शून्य लावतात, प्लेलिस्टमध्ये नावावरून क्रम लागतच नाही, तो आपण हाताने लावतो.

नाव असं झालं: ‘बाही कटिंग आणि जोडणी | ब्लाऊज शिवण कोर्स मराठी भाग 9’. कोर्सचं नाव मागे का टाकलं यावर तुम्ही तेव्हाही नाराज होत्या. नावाला शंभर अक्षरांपर्यंत जागा असते, पण मोबाईलवर सर्चमध्ये लांब नाव मधेच कापलं जाते. कोर्सचं नाव पुढं टाकलं असतं तर ओळीने सगळे व्हिडिओ सारखेच दिसले असते आणि कोणत्यात बाही, कोणत्यात गळा हे कळलंच नसतं. प्लेलिस्टचं नावही त्याच चार शब्दांनी सुरू केलं, पुढे ‘माप घेण्यापासून हुक-काजापर्यंत’ जोडलं, आणि वर्णनात blouse cutting course in marathi असं इंग्रजी अक्षरांतही लिहिलं, कारण बऱ्याच जणी तसंच शोधतात. घरी बसून होते हे मान्य, पण हा विचार करायलाच वेळ लागतो, पैसे त्याचेच घेतले.

आता भाग 9 च वर का येतो. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ वेगळा तोलते. बाहीचा घोळ हा कोर्स न करणाऱ्या बाईलाही पडतो, ती थेट ‘बाही कटिंग’ शोधते, तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघते, म्हणून तो वर चढतो. माप घेण्याचा भाग 1 असा एकटा फारसं कोणी शोधत नाही. नावं कितीही जुळवली तरी सगळे भाग एकाखाली एक उभे राहतीलच असं कोणी सांगू शकत नाही, आणि तसा शब्द आम्ही दिला नव्हता, तुमच्या कागदावर लिहून दिलं होतं. नावाने होते ते इतकंच की कोर्सच्या नावाने शोधलं तर प्लेलिस्ट स्वतः एक रिझल्ट म्हणून वर यायची शक्यता वाढते, आणि भाग 9 वर आलेल्या बाईला कळते की याच्या आधी आठ भाग आहेत. तिला तिकडे न्यायला व्हिडिओच्या शेवटी प्लेलिस्ट लावली आणि वर्णनात पहिल्याच ओळीत अशी लिंक दिली:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID
```

यातला list पासूनचा तुकडा महत्त्वाचा. तो असला की व्हिडिओसोबत पूर्ण कोर्सची यादी उघडते, नसला तर एकटा व्हिडिओ उघडतो. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज टाकून राहिल्या त्या लिंकमध्ये तो नाही, मी बघितलं.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहावं लागते. काम दिल्यावर तुम्ही भाग 4 डिलीट करून चांगल्या आवाजाचा परत टाकला. परत टाकलेला व्हिडिओ यूट्यूबसाठी एकदम नवा असतो ताई, जुन्याचे व्ह्यूज, कमेंट, लिंक सगळं जाते आणि प्लेलिस्टमध्ये तो आपोआप बसत नाही. आज तुमची प्लेलिस्ट उघडली तर भाग 3 नंतर थेट 5 येते. मग अस्तराचा नवा व्हिडिओ आला, त्यालाही ‘भाग 9’ च नाव दिलं, आता दोन भाग 9 आहेत. वरून ‘Blouse new’ म्हणून दुसरी प्लेलिस्ट बनवली, अर्धे भाग हिच्यात, अर्धे तिच्यात, मग बघणारी गोंधळणारच. मधे भाग घालायचा असेल तर ‘भाग 9-ब’ करा, पुढचे आकडे हलवू नका, कारण तुम्ही स्वतः व्हिडिओत ‘भाग 11 मध्ये सांगितलं तसं’ म्हणता, तो आकडा मग खोटा पडतो.

तपासायचं असेल तर स्वतःच्या अकाउंटवरून शोधू नका, तुम्ही आधी काय बघितलं यावर तुमचे रिझल्ट बदलतात. इन्कॉग्निटो उघडा, ‘ब्लाऊज शिवण कोर्स मराठी’ टाका आणि फिल्टरमध्ये प्लेलिस्ट निवडून बघा. शिवाय यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स आहे, तिथं यूट्यूब सर्चवर दाबलं की कोणते शब्द टाकून लोक आले ते दिसते, आणि प्लेलिस्टमधून किती आले ते वेगळं दिसते. माझ्या बोलण्यापेक्षा ते बघा, आणि मग रिव्ह्यूत काय ठेवायचं ते ठरवा.

यापुढे गिऱ्हाईकाला नावांचा तक्ता आणि ‘हे बदलू नका’ असा कागद आम्ही अजून नीट समजावून देऊ, बाकीही काही सुधारणा करून राहिलो. तुमच्या भाग 4 ची नवी लिंक तेवढी पाठवा. तो जागेवर बसवतो, अस्तराला 9-ब करतो आणि दुसरी प्लेलिस्ट डिलीट करायची की नाही ते तुम्ही सांगा, त्याचे पैसे नाही घेणार.