हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की...

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा केक एकाकडे, हार दुसऱ्याकडे, बिर्याणीवाल्याशी घासाघीस तिसऱ्याकडे, अशी कामं वाटून झाली की एक काम उरतं आणि सगळ्या नजरा एकाच गरिबाकडे वळतात. "तुझं मराठी चांगलं आहे. उपकारस्तुतीची प्रार्थना तूच लिही, तूच वाच." पाळकसाहेब येणार असतातच, पण त्यांच्याकडे वचन आणि आशीर्वाद. उपकारस्तुती घरच्याच माणसानं केलेली बरी, असं ठरतं. नाही म्हणावं तर प्रार्थनेला नाही म्हणाला म्हणून नाव होतं.

माझं मत असं की या प्रार्थनेत माणूस श्रद्धेत कमी पडत नाही, सर्वनामात पडतो. बोलायचं देवाशी आणि ऐकायला दीडशे पाहुणे. त्यामुळे पहिल्याच वाक्याला घात होतो: "हे स्वर्गीय पित्या, आज आपण सर्व इथे जमलो आहोत." मराठीतलं 'आपण' ऐकणाऱ्यालाही पोटात घेतं. म्हणजे देवही पाकीट घेऊन हॉलवर आलाय. इथवर ठीक आहे. पुढे पापकबुलीच्या ओघात "आपण सगळेच चुकतो" असं वाक्य येतं आणि देवालाही आपल्या रांगेत उभं केलं जातं. म्हणून कच्चा कागद हातात आला की आधी सगळे 'आपण' शोधून तिथे 'आम्ही' करायचं. 'तुम्ही' दिसला तर तोही धोक्याचा. देवाला आपण 'तू' म्हणतो, म्हणजे 'तुम्ही' हे नवराबायकोलाच उद्देशून असणार. "तुम्ही दोघं असेच हसत राहा" हे शुभेच्छापत्रात शोभतं. प्रार्थनेत ते म्हटलं की देवाला मध्येच होल्डवर ठेवल्यासारखं होतं. तेच "या दोघांना असंच हसत ठेव" असं म्हटलं की गाडी रुळावर.

दुसरा रोग 'तुला ठाऊकच आहे' हा. नमुना पाहा: "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की २००१ साली लग्न झालं तेव्हा हे दोघं वडगाव शेरीला एका खोलीत राहत होते, मग दादाला बढती मिळाली, २००९ साली खराडीला टू बीएचके घेतला आणि आता धाकटी जर्मनीला एमएस करते आहे." देवाला ठाऊक आहे तर सांगतोयस कुणाला? मागच्या रांगेतल्या आत्याला. हा बायोडेटा आहे, फक्त डोळे मिटून वाचलेला.

यातलं प्रत्येक वाक्य उचलायचं आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा: आभार कशाबद्दल? साल गळतं, फ्लॅट गळतो, बढतीही गळते. एक खोली मात्र राहते, कारण तिच्यात आभाराची जागा आहे. मग वाक्य होतं: "त्या एका खोलीत भांड्याला भांडं लागत होतं, तरी दार पाहुण्यांना उघडं राहिलं, याबद्दल, हे पित्या, आम्ही तुझे आभार मानतो." धाकटीची जर्मनी काढायची आणि तिथे "पहाटे साडेपाचला उठून दोन डबे भरणाऱ्या हातांबद्दल" एवढं लिहायचं. ते डबे वहिनीनं भरले होते की दादानं, हे आधी विचारून घ्या. चुकीच्या हातांचे आभार मानले तर डोळे मिटलेल्या माणसांतून हसू फुटतं.

संकटांचा उल्लेख जपून. "त्यांच्या संसारात आलेल्या वादळांत तू सोबत होतास" असं म्हटलं की निम्मी मंडळी डोळे उघडून एकमेकांकडे बघतात: कसलं वादळ? इथे बायबलातला शमुवेल कामाला येतो. त्यानं दगड उभा करून त्याला एबन-एजर नाव दिलं, कारण 'येथवर' परमेश्वरानं साहाय्य केलं होतं. त्या एका 'येथवर'मध्ये आजारपण, हप्ते, सासू असं सगळं बसतं आणि कुणाचं नावही घ्यावं लागत नाही. काना गावच्या लग्नाचा दाखलाही लोकांना फार आवडतो, पण त्यात ऐन समारंभात द्राक्षारस संपतो. केटररसमोर तो नको.

नावांची यादी तर करूच नका. चौदा नावं घेतली की पंधरावा मामा रुसतो. "ज्यांनी त्या दिवशी मांडवात उभं राहून आशीर्वाद दिले ते सगळे" यात सगळे मामा येतात. नाव घ्यायचं ते फक्त गेलेल्या आईवडलांचं, आणि तिथेही "त्यांच्या आयुष्याबद्दल आभार" एवढंच. मृतांसाठी मागणी करायची की नाही यावर प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक पाहुण्यांचं जमत नाही. आभाराला दोन्हीकडून आमेन मिळतं.

मजकूर तीनशे शब्दांचा पुरे. थांबत वाचलं तर तीन मिनिटं होतात आणि उभी असलेली आजी तेवढं उभी राहू शकते. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापायचं. वाक्य पानाच्या शेवटी तुटू द्यायचं नाही, नाहीतर "आम्ही तुझी" म्हणून पान शोधत बसावं लागतं. हॉलचा पंखा डोक्यावरच असतो, म्हणून खाली पुठ्ठा. मोबाइलवरून वाचणाऱ्याचा स्क्रीन नेमका दुसऱ्या परिच्छेदात विझतो, किंवा वर केटररचा फोन येतो.

वाचताना हात जोडता येत नाहीत, कारण एका हातात पुठ्ठा, दुसऱ्यात माइक. डोळेही मिटता येत नाहीत. भक्तिभावानं मिटले की ओळ हरवते. त्यामुळे सगळ्यांच्या माना खाली असताना भाचा केकच्या कडेला बोट लावतोय, हे एकट्या वाचणाऱ्याला दिसतं आणि बोलता येत नाही. माइक तोंडासमोर धरला तर प्रभू, पिता, परमेश्वर, पवित्र, सगळे 'प'चे असल्यानं हॉलभर फाट्फाट् होतं. तो हनुवटीच्या बाजूला, चार बोटं लांब, जरा तिरका धरायचा.

पुण्यात निम्मे पाहुणे ऑफिसातले आणि सोसायटीतले असतात. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत यावं लागलं, त्याच शहरात आता जोशी-कुलकर्णी बिर्याणीच्या वासानं कासावीस होऊन प्रार्थनेला उभे असतात. ते कुठेही थांबलात तरी हळूच "आमेन" म्हणतात. म्हणून अधल्यामधल्या वाक्यांचा सूर वरच ठेवायचा आणि फक्त "येशूच्या नावानं मागतो" इथे खाली आणायचा. मग सगळे एकदम म्हणतात.

त्याच्या आधी "आणि समोरच्या अन्नाला आशीर्वाद दे" हे वाक्य विसरू नका. ते राहिलं तर ज्येष्ठ काकांना जेवणासाठी 'दोन शब्द' प्रार्थना करायला सांगितलं जातं, आणि काकांच्या प्रार्थनेत दर चार शब्दांनी 'प्रभू बापा' येतो, सुरुवात आदामापासून होते. वाक्य घेतलं तर काका रुसतात. रुसू द्या. आमेन झालं की माइकचं बटण आपणच बंद करायचं आणि माइक भाच्याच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याचं ते बोटही मोकळं राहत नाही.