दोन पेगनंतर उतरणारं बीपी : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : डॉक्टर, दारूने बीपी वाढतं हा तुमचा लेख वाचला. नेहमीसारखी भीती घातलीत. मी गेली १८ वर्षं रोज रात्री दोन पेग घेतो. घरी बीपीचं मशीन आहे. घेण्याआधी १४६/९२ असतं आणि घेतल्यावर तासाभरात १२४/७८. हे कसं काय मग? तीन वर्षांपूर्वी टूडी इको केला, तो नॉर्मल. आमचे आजोबा रोज घ्यायचे, ८६ वर्षं जगले. वाईन हार्टला चांगली असं तुमच्यातलेच डॉक्टर सांगायचे. उगाच संस्कार शिकवू नका, नीट कारण सांगा.

उत्तर : आकडे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर बहुतेक लोक नुसतं "मला काय होत नाही" लिहून मोकळे होतात. तुमचं मशीन खोटं बोलत नाहीये, पेगनंतर बीपी उतरतं हे अगदी खरं आहे. फक्त तुम्ही बघायचा आकडा चुकीचा निवडलाय. मला १२४ पेक्षा त्या १४६ ची काळजी वाटते.

होतं काय, की दारू पोटात गेल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, चेहरा लाल होतो, अंग गरम वाटतं आणि बीपी खाली येतं. जरा जास्त प्रमाणात घेतली, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर अल्कोहोल, तर हा उतार साधारण १२ तासांपर्यंत राहतो आणि त्यानंतर गाडी उलटी फिरते, म्हणजे बीपी आधीपेक्षा वर जातं. आता हिशोब करा. रात्री साडेनऊला ग्लास खाली ठेवला, तर रात्रभर बीपी गोड, सकाळी दात घासताना मोजलंत तरी बरं दिसेल, आणि चढ सुरू होतो दुसऱ्या दिवशी दहा-अकराला, जेव्हा तुम्ही ऑफिसात असता आणि मशीन घरी कपाटात असतं. संध्याकाळी घरी येऊन मोजता तेव्हा कालच्या दारूचा चढ अजून उतरलेला नसतो, मग तुम्ही पेग घेता, तो उतरतो, आणि श्रेय पेगला जातं! ज्याने आग लावली त्यालाच बंबवाला म्हणून हार घालण्यातला प्रकार आहे हा.

हा चढ येतो कुठून? रोजची सवय असलेल्या शरीरात दारूचा अंमल उतरत असताना ताणाचा सगळा कारखाना जागा होतो, म्हणजे ॲड्रिनलिन वाढतं, किडनीकडून रक्तवाहिन्या आवळणारी आणि मीठ-पाणी धरून ठेवणारी रसायनं वाढतात, आणि मानेतल्या ज्या सेन्सरनी "बीपी वाढलं, आवरा" असा निरोप मेंदूला द्यायचा तेच सुस्त होतात. त्यात दारू घेऊन झोपलेला माणूस जोरात घोरतो, मधेमधे श्वास अडकतो, प्रत्येक वेळी बीपी उसळी मारतं. चकण्यातल्या खारे शेंगदाणे-फरसाणचं मीठ वेगळंच.

आणि हे आजचं फॅड नाही. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, कॅमिल लियाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सैनिकांची वाईन आणि बीपी यांची सांगड घालून दाखवली होती, जो जास्त पितो त्याच्यात बीपीचं प्रमाण जास्त. तेही फ्रान्समध्ये, जिथल्या वाईनचे गोडवे नंतर जगाने गायले! वाईनबद्दल एवढंच सांगतो, की "न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे बरे" असं जे जुन्या अभ्यासांत दिसायचं त्यात न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही उभी होती. ती बाजूला काढली की फायदा बराचसा विरतो. आजोबांबद्दल आदर आहे, पण ज्यांचे आजोबा ५४ व्या वर्षी गेले त्यांचे नातू तो किस्सा कमेंटमध्ये लिहायला येत नाहीत.

आता तुमच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर परत म्हणाल एकतर्फी लिहिलं. दारू कमी केल्यावर बीपी किती उतरतं यावरचे बरेच प्रयोग २०१७ मध्ये एकत्र करून तपासले गेले. दिवसाला सहापेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांनी प्रमाण अर्ध्यावर आणलं तेव्हा वरचं बीपी साधारण साडेपाचने आणि खालचं चारने उतरलं. दोन किंवा कमी घेणाऱ्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही. म्हणजे तुमचे "दोन पेग" खरोखर दोन ड्रिंक असतील तर तुमच्या १४६ ला दारूच जबाबदार आहे असं मी छातीठोक सांगणार नाही.

पण असतात का ते दोन? आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ३० मिली घेतली की साधारण १० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, तो झाला छोटा पेग. घरी "दोन पेग" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा लार्ज भरतो, म्हणजे १२० मिली, ४० ग्रॅम, चार ड्रिंक. बीअरवाल्यांनी हसू नये, स्ट्राँगची ६५० मिलीची एक बाटली म्हणजेही तेवढंच. आज ग्लासात ओतायच्या आधी खोकल्याच्या औषधाच्या मापाने एकदा मोजा, सोडा घालायच्या आधी. मग आपण पुढे बोलू.

दुसरी गोष्ट, ठोक्यांची. इकोमध्ये ही दिसेलच असं नाही, कारण ती येते आणि जाते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचं आकुंचन नीट लयीत न होता ते नुसते थरथरतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, एएफ. नाडी कशीही पडते, ना ताल ना ठेका. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की जोरात पिणाऱ्यांना हा त्रास शनिवार-रविवार किंवा सुट्टीनंतर उठतो, म्हणून नाव पडलं हॉलिडे हार्ट. पण याला पार्टीच लागते असं नाही. रोजच्या दारूने वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की डावा वरचा कप्पा ताणला जातो, त्यात बारीक चट्टे पडतात आणि विजेचा प्रवाह सरळ जायचा तो भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. आणि इथे बीपीसारखी सवलत नाही हो, रोज एकच ड्रिंक घेणाऱ्यांतही एएफचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त दिसलाय. उलट बाजूचा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला २०२० मध्ये : एएफचे १४० पेशंट, आठवड्याला १० किंवा जास्त ड्रिंक घेणारे, त्यातल्या निम्म्यांना सोडायला सांगितलं. सहा महिन्यांत, पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परत आलं, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. जादू नाही, पण नुसती सवय बदलून एवढं मिळालं.

आता स्नायू. इथे मी एका पेशंटचंच सांगतो, ओळख कळेल असं काही लिहीत नाही. वय ४७, बांधकामाच्या साईटवर काम, १४ वर्षं रोज एक क्वार्टर आणि शनिवार-रविवार दोन. सरासरी काढली तर दिवसाला ८० ग्रॅमच्या जवळ जाते, आणि पुस्तकात हृदयाचा स्नायू बिघडण्यासाठी जो ढोबळ आकडा दिलेला असतो तो हाच, दिवसाला ८० ग्रॅम, पाच वर्षांहून जास्त. बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या तरी १५०/१०० च्या खाली येत नव्हतं, म्हणून तो तिसरी गोळी मागत फिरत होता. दारूबद्दल विचारलं की "कधीतरी, कंपनी असली तर".

एका सोमवारी पहाटे छातीत धडधड आणि दम लागला म्हणून आला. नाडी १४० आणि पूर्ण बेताल, ईसीजीत एएफ. दोन महिन्यांपासून उशा वाढवत चालला होता, आधी एक, मग दोन, आडवं झालं की धाप लागायची, आणि संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ राहायचा. हे सगळं त्याने साईटच्या धावपळीवर ढकललेलं. इको केला तर डावा खालचा कप्पा फुगून ६४ मिमी आणि पंपिंग ३२ टक्के, जे ५५ च्या वर असायला हवं. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही, म्हणजे अटॅकने झालेलं नव्हतं. दारू आणि तिच्यातून शरीरात तयार होणारं अॅसिटाल्डिहाईड या दोघांनी स्नायूच्या पेशी हळूहळू मारल्या होत्या, उरलेल्या पातळ होऊन ताणल्या गेल्या होत्या, जुन्या लेंग्याच्या नाडीसारख्या.

तुमच्या नॉर्मल इकोचं उत्तर यातच आहे. पंपिंगचा टक्का शेवटी पडतो. त्याआधी कप्पा थोडा मोठा होतो, भिंत जाड होते, स्नायू नीट सैल होत नाही, आणि रिपोर्टच्या शेवटी मात्र "नॉर्मल" लिहून येतं कारण आपण टक्काच बघतो. याच्याही इकोचा चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट त्याने दाखवला, त्यात पंपिंग ६० होतं आणि डाव्या वरच्या कप्प्यापुढे "किंचित मोठा" असे दोन शब्द होते, जे कोणी वाचले नव्हते. मीही कदाचित वाचले नसते.

तुमचे ४० ग्रॅम असतील तर तुम्ही त्या ८० पासून लांब आहात हे मान्य. पण ती लक्ष्मणरेषा नाही, काहींच्यात टायटिन नावाच्या स्नायूतल्या प्रोटीनच्या जीनमध्ये जन्मजात खोट असते, त्यांचं हृदय दारूला लवकर दाद देतं, आणि हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

मशीन आहेच तर ते कामाला लावा. दोन आठवडे रोज सकाळी अकराला आणि संध्याकाळी पेगच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीला ठेवून दोनदा मोजा आणि वहीत लिहा. मशीनवर नाडी बेताल असल्याचं चिन्ह लुकलुकलं तर तेही लिहा, आणि ते परत परत आलं तर थेट ईसीजी. मग चार आठवडे बंद करून तेच आकडे. पहिल्या आठवड्याचे सोडून द्या, कारण सोडल्यावर सुरुवातीला बीपी उलट चढतं. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली आली तर तुमचा १४६ कुठून येत होता ते तुम्हालाच कळेल, नाही आली तर गोळीचं बोलू. फक्त एक, रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्या वाचकांनी हा प्रयोग आपला आपण एकदम करू नये, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या हाताखाली गोळ्या घेऊन सोडायची.

त्या पेशंटने सोडली. हार्ट फेल्युअरच्या गोळ्या, लघवीची गोळी, रक्त पातळ करायची गोळी हे सगळं सोबत होतंच. सात महिन्यांनी पंपिंग ४६, बीपी दोनच गोळ्यांवर १२६/८०. यातलं किती दारू सोडल्याने आणि किती ठोके ताब्यात आल्याने हे मला सांगता येणार नाही, कारण महिनोन्‌महिने १४० ने धावणारं हृदयही थकून फुगतं. पण दिवाळीत भावाकडे दोन रात्री "थोडीशी" झाली आणि भाऊबीजेला तो परत बेताल नाडी घेऊन माझ्यासमोर बसला होता. रक्त पातळ करायची गोळी तेव्हापासून चालूच आहे.