गर्भ पाठीला चिकटत नाही

‘सोनोग्राफीत बाळ दिसलं नाही तरी घाबरू नका. गर्भ पाठीला चिकटला की मशीनला दिसत नाही, लघवीच्या टेस्टलाही कळत नाही. पोट वाढतंय, दूध येतंय, आत हलतंय म्हणजे बाळ आहेच. अशी बाळं अकराव्या-बाराव्या महिन्यात होतात, तोवर काढा चालू ठेवा. डॉक्टर म्हणतील मनाचं आहे, म्हणजे बाई नाटक करते असं त्यांना म्हणायचंय. सगळ्या बहिणींना पाठवा.’

हा मेसेज मी वाचला तो माझ्या भाचीच्या मोबाइलवर, विडी घरकुलातल्या तिच्या घरी, जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती तेव्हा. तिला तो नोव्हेंबरात आला होता आणि तेव्हापासून ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मी तीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होते. माझ्या घरातल्या पोरीला दोन महिने कोणीतरी भलताच काढा पाजतं आणि मला पत्ता नाही, याचा मला अजून राग आहे.

आधी टेस्टचं. लघवीच्या पट्टीला एचसीजी नावाचं हार्मोन कळतं, आणि ते गर्भाच्या वारेच्या पेशी तयार करतात. ते आईच्या रक्तात येतं आणि तिथून लघवीत उतरतं. गर्भ पुढे असो की मागे, याने त्यात काही फरक पडत नाही. सोनोग्राफीचंही तसंच. गर्भाशय ओटीपोटात मूत्राशयाच्या मागे असतं, ते मागे झुकलेलं असलं तरी दिसतं. सातव्या महिन्याचं बाळ साधारण एक किलोचं असतं. ते लपायला पाठीत जागा नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. काही बायकांना दिवस गेलेले खरंच उशिरा कळतात. बर्लिनमधल्या एका अभ्यासात दर ४७५ प्रसूतींमागे एका बाईला विसाव्या आठवड्यापर्यंत कळलेलं नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा असंच काहीतरी ऐकलं असणार. पण त्या बायकांनी चाचणी केली असती, तर गर्भ तिथेच दिसला असता. तिथे बाळ होतं आणि बाईला माहीत नव्हतं. इथे नेमकं उलट आहे: बाळ नाही, पण बाईला ते आहे असं मनापासून वाटतं. यालाच खोटं गर्भारपण म्हणतात.

दूध आणि पाळी या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण भाची तिथेच अडली होती. ‘मावशी, दूध खोटं कसं असेल?’ तिने ब्लाउजवरचा ओला डाग दाखवला. दूध खोटं नव्हतंच. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन बनवते. ही ग्रंथी मोकळी सोडली तर ते बनवतच राहते, म्हणून मेंदू डोपामिनने तिचा ब्रेक दाबून धरतो. ब्रेक सैल झाला की प्रोलॅक्टिन वाढतं, छाती भरते, दूध येतं. तेच प्रोलॅक्टिन अंडाशयाला जाणारा मेंदूचा हुकूम मंदावतं, मग बीज सुटत नाही आणि पाळी थांबते. बाळाशिवाय या दोन्ही गोष्टी एका कारणाने घडतात.

ब्रेक सैल कशाने होतो? दीर्घ दुःख आणि ताण हे एक कारण मानतात. स्पेनमधल्या टारिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली खोट्या गर्भारपणाच्या हार्मोनांवरचं सगळं संशोधन एकत्र तपासलं. त्यांनाही मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांच्या कामात बिघाड असावा असं वाटलं. पण असे रिपोर्ट फार थोड्या बायकांचे आहेत आणि ते सगळे एकसारखे नाहीत. काहींचं प्रोलॅक्टिन वाढलेलंही नसतं. म्हणून एका रिपोर्टवरून निकाल देता येत नाही.

दुसरं कारण आहे औषध. भाचीच्या उशाशी गॅसच्या कॅप्सूलची पाकिटं होती. मी मागची बारीक अक्षरं वाचली: लेव्होसल्पिराइड. हे औषध डोपामिनचाच रस्ता अडवतं. जूनपासून ती रोज घेत होती, जुलैनंतर पाळी नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. पाळी थांबल्यावर तिच्या मनात दुसरं काय येणार? मग छाती भरली, मनाची खात्री झाली. खात्री झाल्यावर ती पोट पुढे काढून, पाठीला बाक देऊन चालायला लागली. गॅस होताच. आतडं हललं की तिला बाळ फिरल्यासारखं वाटे. यात नाटक कुठे आहे?

मी तिला उताणी झोपवून पाय दुमडायला सांगितले. सातव्या महिन्यात गर्भाशयाचं टोक बेंबीच्या बरंच वर लागतं, ओटीच्या हाडापासून साधारण २८ सेंटिमीटर. मला हाताला काहीच लागलं नाही. बेंबी खोल आत होती, एवढ्या दिवसांची गरोदर असती तर ती सपाट झाली असती. बोटांनी ठोकलं तर पोट ढोलकीसारखं वाजलं. गप्पा मारत तिचा श्वास संथ झाला तसं ते खाली बसत गेलं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं.

टेस्ट निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं आणि नेहमीच्या आकाराचं, अंडाशयं ठीक. थायरॉइडही तपासला, कारण तो मंदावला तरी प्रोलॅक्टिन वाढतं. तोही ठीक. प्रोलॅक्टिन आलं ९२, जिथे गरोदर नसलेल्या बाईत ते साधारण २५ च्या आत हवं. डॉक्टरांनी ती कॅप्सूल बंद केली आणि महिन्याने पुन्हा तपासायला सांगितलं. औषध थांबवूनही ते उतरलं नसतं, तर पिट्यूटरीत गाठ आहे का हे बघावं लागलं असतं.

आता थांबून काढा पिण्याचं, आणि हेच सर्वांत घातक आहे. पोट वाढण्यामागे अंडाशयाची गाठ असू शकते किंवा पोटात पाणी झालेलं असू शकतं. त्याहून वाईट म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आणि गर्भाशय रिकामं, अशी बाई. तिचा गर्भ नळीत असू शकतो. नळी फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तिला ‘मशीनला दिसत नाही, थांब’ म्हणणं म्हणजे तिला मरणाच्या दारात बसवणं आहे. राहिले अकरावे-बारावे महिने. खरा गर्भसुद्धा बेचाळीस आठवड्यांपुढे डॉक्टर सहसा थांबू देत नाहीत.

आणि हे अडाणी बायकांचंच खूळ म्हणणाऱ्यांसाठी: इंग्लंडची राणी मेरी १५५५ साली बाळंतपणाच्या खोलीत महिनोन्‌महिने थांबली होती. मुलगा झाल्याच्या अफवेवर लंडनमध्ये घंटाही वाजल्या. बाळ नव्हतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा भाचीकडे वळवला आणि काय कुठे आहे ते बोटाने दाखवलं. ‘तुमचं दूध खरं आहे, बाळ नाही,’ एवढंच बोलले आणि थांबले. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही पाठवलं, गेलेल्या बाळाबद्दल बोलायला. पहिल्या वेळी ती गेली नाही. दुसऱ्या वेळी सासूबाई सोबत गेल्या.

मार्चमध्ये तिला पाळी आली. सकाळी फोन केला आणि बराच वेळ रडली, मीही गप्प बसले. मागावरच्या टॉवेलची शिवलेली सहा दुपटी अजून तिच्या कपाटात आहेत. ती काढून टाक असं मी म्हटलेलं नाही.