इट कुठं बसवायचं?

बेळगावच्या माणसाला भाषेची भीती नसते, असा बाहेरगावच्यांचा समज आहे. खडेबाजारात कन्नडमधून भाव पाडायचा आणि घरी येऊन मराठीत त्याची बढाई मारायची, हे आम्ही चड्डीत असल्यापासून करतो. पण दहावीतला भाचा व्याकरणाची वही घेऊन आला की मामाची सगळी ऐट 'इट'पाशी संपते.

"मामा, 'पिक अप द बॅग' बरोबर, 'पिक द बॅग अप'पण बरोबर. मग 'पिक अप इट'वर बाईंनी फुली का मारली ओ?"

मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी, कन्नडमध्येही तसंच. दोन्ही भाषांनी हात वर केले, तेव्हा मी दारातली स्कूटर दाखवली. हँडल धरून 'पिक', मागं 'अप'. बॅगेसारखं धडधाकट नाम दोघांच्या मधेही बसेल, 'अप'च्या मागंही. त्याच्याबरोबर 'निपाणीच्या आत्यानं काल सोप्यात विसरलेली' असा गोतावळा असला, तर मागंच बरं. मधे कोंबलात तर 'अप' पार पुढच्या चौकात सापडतो. 'इट' मात्र तान्हं पोर, ते मधेच. हिम, हर, देम ही भावंडंही तिथंच. कारण वस्तूचं नाव आधीच येऊन गेलेलं असतं, म्हणून 'इट' हळूच उच्चारतात आणि शेवटचा जोर 'अप'वर पडतो. 'पिक इट अप.' मोठ्यानं म्हणून बघा.

भाच्याला पटलं. फारच पटलं. दुसऱ्या दिवशी वहीत 'लुक इट आफ्टर'!

'आफ्टर' इथं शब्दयोगी अव्यय आहे, त्याला आपलं नाम किंवा सर्वनाम मागंच लागतं: 'लुक आफ्टर इट'. आता कुठला शब्द कुठल्या जातीचा, हे ओळखायचं कसं? 'अप' तर दोन्हीकडे जेवतो. मी दोन वाक्यं दिली. 'ही रॅन अप द हिल', म्हणजे गडी राजहंसगड पळत चढला. 'ही रॅन अप अ बिल', म्हणजे त्यानं दुकानात उधारी चढवली.

"आता विचार, कुठं पळाला?"

"अप द हिल."

"दुसऱ्यात?"

"अप अ बिल... बिलावर कोण पळतंय ओ!"

जमलं. 'अप द हिल' हा एकसंध तुकडा, म्हणून 'रॅन अप इट'. बिलाच्या वाक्यात 'अप' क्रियापदाचा जोडीदार, म्हणून 'रॅन इट अप'. बाकी उधारी कशी चढते, हे पोराला सांगावं लागलं नाही. त्याचे वडील आमचे भावोजीच.

वही मिटणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "मग 'पुट अप विथ'मध्ये इट कुठं?"

"सगळ्यात मागं. शेवटी 'विथ' आहे ना, ते आपलं पोर सोडत नाही. 'पुट अप विथ इट', म्हणजे सहन करणे."

"एखादं वाक्य सांगा की."

आतून बायको म्हणाली, "मी सांगू?"