चित्रलेखेबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

«साम्ये शोधत बसले की सगळीकडे महाभारतच दिसते. कर्नाडांच्या 'ययाति'त नावे तीच आहेत, हे सांगायला लेख कशाला? असले लेख म्हणजे विद्वत्तेचा देखावा. श्लोकाचा संदर्भही धड दिलेला नाही.»

गिरीश कर्नाडांच्या 'ययाति' नाटकातील चित्रलेखा आणि महाभारतातली ययातीची कथा यांवरच्या माझ्या लेखाला आलेली ही प्रतिक्रिया. श्लोकाबरोबर आदिपर्वाचा उल्लेख करायला हवा होता, एवढे मान्य. पण 'देखावा' हा शब्द मला खटकला आणि तो खटकल्याचे लपवण्याचे मला कारण दिसत नाही. वर्षानुवर्षे मी विद्यार्थ्यांचे निबंध तपासले आहेत. नावांची यादी देऊन थांबणारा निबंध मी स्वतःच परत करत आलो आहे. माझा लेखही तसाच आहे असे म्हणण्याआधी आपण तो शेवटपर्यंत वाचला असता, तर बरे झाले असते.

नावे सारखी असल्याने काहीच सिद्ध होत नाही. ती फक्त कुठे पाहायचे ते सांगतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. मूळ कथेतला एक नेमका प्रसंग घ्यायचा, नव्या कृतीतला तोच प्रसंग त्याच्या शेजारी ठेवायचा आणि दोन्ही कुठे वेगळे होतात ते दाखवायचे. महाभारतात शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला वार्धक्य येते, चार पुत्र नकार देतात, धाकटा पुरू आपले तारुण्य देतो, आणि हजार वर्षे भोग घेतल्यावर ययाती ते परत करतो. त्या वेळी त्याच्या तोंडी 'न जातु कामः कामानाम्' हा श्लोक येतो, म्हणजे उपभोगाने वासना शमत नाही, हे त्याला भोगूनच कळते. या आख्यानात पुरूने तारुण्य दिले तेव्हा त्याच्या पत्नीचे काय झाले, याबद्दल अक्षरही नाही.

कर्नाडांनी 1961 च्या नाटकात नेमक्या याच रिकाम्या जागी पुरूची पत्नी चित्रलेखा उभी केली. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याने नेल्यावर ती सासऱ्यालाच जाब विचारते आणि शेवटी विष घेते. मग ययाती वार्धक्य परत घेतो. तारुण्य परत करण्याची कृती तीच राहते, पण तिचे कारण बदलते: तिथे उपभोगाचा वीट, इथे एका तरुण स्त्रीचा मृत्यू. आख्यान ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही हे दुःख भिडेल, पण चित्रलेखा मुळात नव्हतीच हे त्याला कळणार नाही, आणि नाटकाचा आक्षेप तर तिथेच आहे. नवीन काय, ते मी इथे दाखवले होते.

'सगळीकडे महाभारत दिसते' ही भीती मात्र नावे बदललेल्या कथांबाबत रास्त आहे. मुलाने बापासाठी त्याग केला एवढ्यावर ययाती म्हणता येत नाही, कारण तशा कथा असंख्य आहेत. वयाची अदलाबदल, आधीच्या मुलांचे नकार आणि शेवटची परतफेड, असे सहसा न आढळणारे तपशील त्याच क्रमाने आले, तरच तसा दावा करावा.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. चित्रलेखेबद्दल आपला वेगळा अर्थ असेल तर तो जरूर लिहावा, पण प्रसंग दाखवून.