कव्हर लेटर तपासून देणाऱ्यांसाठी काही अनुभवसिद्ध सूचना

माझ्या भाचीने कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत तपासणी विभागाच्या जागेसाठी अर्ज करायचे ठरवले आणि सोबतचे कव्हर लेटर आमच्या परिचयातील एका निवृत्त अधिकाऱ्यांना दाखवले. ते तपासून परत आल्यापासून मला असे वाटू लागले आहे की, ही विद्या त्यांच्यापुरतीच राहणे योग्य नव्हे. उद्या आपल्या दारातही एखादा उमेदवार पत्र घेऊन उभा राहिला, तर पुढीलप्रमाणे वागावे.

सर्वप्रथम, त्याच्याकडे जाहिरात मागू नये. या जाहिरातीत कास्टिंगची तपासणी, रिजेक्शनच्या नोंदी आणि ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरे अशी तीन कामे मागितली होती. ती वाचली असती, तर पत्रातील कोणते वाक्य कोणत्या कामाला लागू पडते, हे पाहत बसावे लागले असते आणि तिसऱ्या कामाविषयी पत्रात चकार शब्द नाही, हेही ध्यानात आले असते. एवढी यातायात कशासाठी? त्याऐवजी शाळेत वक्तृत्वासाठी मिळालेली ढाल पहिल्याच परिच्छेदात घालायला सांगावी.

पत्र अर्ध्या पानात संपत असेल, तर ते दोन पानांचे करून द्यावे. वाचणाऱ्या साहेबांना त्या दिवशी दुसरे काम नसतेच.

भाषेच्या सुराविषयी बोलायचे, तर उमेदवार नोकरी मागत नसून दया मागत आहे, असे वाटले पाहिजे. मूळ इंग्रजी पत्राची सुरुवात, ‘आपल्या जाहिरातीतील तपासणीच्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे’ अशी सरळ होती. तिथे ‘आय मोस्ट हम्बली बेग’ आले आणि शेवटी संधी मिळाल्यास तिचे सोने करण्याचे वचन आले. सोने घडवण्याचे काम आमच्याकडे गुजरीत चालते. फौंड्रीत लोखंड ओततात.

आता पुराव्याकडे वळू. वाफ किंवा वायू अडकून ओतीव नगात जी पोकळी राहते, तिला ब्लो होल म्हणतात. भाचीने लिहिले होते, ‘माझ्या काळात ब्लो होलमुळे बाद होणारे नग शंभरात नऊवरून पाचवर आले.’ या वाक्यावर आडवी रेघ मारून समासात ‘आत्मस्तुती टाळावी’ असा शेरा लिहावा आणि त्याजागी ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व जिद्दी आहे’ असे सुचवावे. म्हणजे जे पडताळून पाहता येते ते जावे आणि जे कोणीही कोणाविषयीही लिहू शकतो ते राहावे! वास्तविक त्या वाक्यात उणीव होती, पण ती आत्मस्तुतीची नव्हती. हे किती दिवसांतले आकडे, दोन्ही वेळा नग एकाच प्रकारचे होते का, आणि यात तिचा स्वतःचा वाटा कोणता, हे विचारायला हवे होते. सोपे नग ओतायला घेतले, तरी रिजेक्शन आपोआप उतरते. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो. मी विचारले, तेव्हा पाच मिनिटांत सगळे बाहेर आले. एकाच पंपाच्या बॉडीचे, दोन महिन्यांतले आकडे होते. तिने बाद नगांची नोंद शिफ्टवार ठेवली, ती वाळूच्या ओलाव्याच्या नोंदींशेजारी मांडली आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये ओलावा जास्त असतो, हे सुपरवायझरना दाखवले. वाळूतील पाणी कमी करण्याचा निर्णय त्यांचा होता. हे एवढेच, ‘निर्णय सुपरवायझरांचा होता’ या कबुलीसह, चार ओळींत लिहिले, तर वाचणाऱ्याला ही मुलगी नोंदी कशा ठेवते हे दिसते, आणि जाहिरातीत दुसरे काम तेच होते! यात आत्मस्तुती कुठे आहे? आपण स्वतः आयुष्यभर गोपनीय अहवालात ‘काम समाधानकारक’ लिहीत आलात, म्हणून त्या मुलीनेही तेच लिहायचे?

उपरोध पुरे. ज्याला पत्र वाचायला वेळ नाही, त्याने तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही. पण वाचायला घेतलेच, तर आधी जाहिरात वाचा, आणि जे वाक्य गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या एखाद्या कारखान्याचे नाव घालूनही जसेच्या तसे चालते, ते खोडा. स्वल्पविराम नंतर बघा. ‘छान आहे, थोडे प्रभावी करा’ हा अभिप्राय नव्हे. कोणते वाक्य, ते का अडते आणि तिथे कोणती माहिती हवी, एवढे तरी सांगा. आणि वेळेवर सांगा. अर्जाची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचला संपत होती. पत्र तुमच्याकडे सोमवारपासून पडून होते, ते शुक्रवारी रात्री साडेदहाला परत आले, आणि तक्रारींच्या उत्तरांविषयीचा परिच्छेद तिला शनिवारी दुपारी, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर लिहावा लागला.